नऊ मिनिटांची वाट

डोंबिवलीच्या महाविद्यालयात मी संख्याशास्त्राच्या उत्तरपत्रिकांची फेरतपासणी करत होतो. नमुना उत्तराबाहेर एकही गुण देऊ नये, हा नियम माझ्याच संतप्त पत्रांमुळे झाला होता. समोरचा प्रश्न आणि त्याचे नमुना उत्तरही माझेच होते. प्रश्न असा :

मानपाड्याच्या थांब्यावर बससाठी शून्य ते जास्तीत जास्त थीटा मिनिटे थांबावे लागते, थीटा ही अज्ञात संख्या आहे, आणि त्यातला प्रत्येक क्षण सारखाच संभवनीय आहे. तीन प्रवासी एक, दोन आणि नऊ मिनिटे थांबले, तर थीटाचा अंदाज काढा. परिबल पद्धतीने, म्हणजे सरासरी चारची दुप्पट करून, मी आठ लिहिले होते.

एका मुलीने लिहिले होते : "एक प्रवासी नऊ मिनिटे थांबला, म्हणून थीटा नऊहून कमी असूच शकत नाही. नऊच्या पुढे थीटा वाढेल तशी या नमुन्याची संभाव्यता घटते. म्हणून महत्तम संभाव्यता पद्धतीने नऊ." तिला शून्य मिळाले होते, आणि दोन गुणांसाठी ती नापास होती.

"सर, शून्यच ठेवू ना?" शेजारच्या प्राध्यापक बाईंनी विचारले. "नियम तुमचाच आहे."

"प्रश्नात पद्धत सांगितलेलीच नाही. चूक माझी आहे."

"म्हणजे आता स्वतःविरुद्धच पत्र?"

मला राग आला नाही, लाजही वाटली नाही. प्रश्नकर्ता म्हणून नऊ हे उत्तरही ग्राह्य धरावे, असे मी प्राचार्यांना लिहिले. दुपारी मंजुरी आली. शून्य खोडून मी दोन लिहिले, शेजारी सही केली आणि पुढची उत्तरपत्रिका उघडली.