बुद्ध पौर्णिमेला डबा बंद राहील

सोसायटीत घरचा डबा सुरू करते म्हटल्यावर नवऱ्यानं पेपर बाजूला ठेवून एवढंच विचारलं, "खातील?" माझं डोकंच फिरलं. न खायला काय झालं? आमच्या आजीला गावात पाणी वरून ओतायचे, ते दिवस गेले की. कोल्हापुरात फ्लॅट घेतला, आडनाव असं की त्यावरून कुणाला काही कळत नाही, आणि कुणी विचारलंही नव्हतं. आम्हीही आपण होऊन सांगितलं नव्हतं. पण मला मनातून एकच हवं होतं, या लोकांनी माझ्या हातचं खावं.

मग पत्र लिहिलं. 'शेजारच्या सर्वांना नमस्कार' इथून सुरुवात. तीन घडीच्या चपात्या, एक भाजी, आमटी, भात, कोशिंबीर. बुधवारी अंड्याची आमटी, माळकऱ्यांना बटाट्याची. डबा नको असेल तर आदल्या संध्याकाळी कळवा. पैसे महिन्याच्या सुरुवातीला. प्रत्येकाचे दोन डबे, म्हणजे भरलेला दिला की कालचा धुतलेला घ्यायचा. सेक्रेटरींनी जिन्याखालच्या फळ्यावर ते लावू दिलं. बाकीच्या घरांत मी झेरॉक्स वाटल्या. मार्चमध्ये सात डबे लागले. सातव्या तर तळमजल्यावरच्या काकू, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्या जिन्यात उभ्या राहून मोठ्यानं म्हणायच्या, "वांगं काय झालतं गं, बोटं चाटली बघ." एप्रिलमध्ये नऊ झाले. मी हवेत होते, खोटं कशाला बोलू.

एप्रिलच्या अखेरीस पुढच्या महिन्याचं पत्र लिहायला बसले. पौर्णिमेला घरी वंदना, खीर, पाहुणे, त्या दिवशी नऊ डबे होणार कसे? मी लिहिलं, 'बुद्ध पौर्णिमेला आमच्या घरी वंदना असते, म्हणून डबा बंद राहील.' नवरा म्हणाला, नुसतं बंद लिही, कारण कशाला? मी म्हटलं, कारण न देता सुट्टी घेतली की बाई कामचुकार वाटते. खरं तर मला लपवायचा कंटाळा आला होता. पत्र फळ्यावर लागलं.

आमच्याकडं माणूस तोंडावर बोलतो, तेही दोन मजल्यांना ऐकू जाईल असं. त्याच माणसांचा आवाज खाली आला. पहिल्या संध्याकाळी समोरच्या वहिनी दारातून हळूच म्हणाल्या की सासूबाईंना आमटी बाधते, उद्यापासून नको. मग एकाला डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. सेक्रेटरींच्या घरी गावाकडून भाची आली, आता तीच करणार. डबे मात्र सगळ्यांनी लख्ख घासून परत दिले, काहींनी तर नव्या पिशवीत घालून. पौर्णिमा यायच्या आत नवाचा एक झाला. फळ्यावरचं पत्र कुणीतरी काढून टाकलं होतं, नुसत्या टाचण्या राहिल्या होत्या.

तो एक डबा काकूंचा. मी नवऱ्याला ऐकवायची, बघ, काकू खातात की! एका माणसासाठी सकाळी उठून मी कणीक मळत होते, भाजी निवडत होते. काकूंचं जिन्यातलं बोलणं बंद झालं होतं, पण उन्हाळा आहे, वय झालंय, अशी मी माझी समजूत घालत होते. सगळी भिस्त त्यांच्यावर होती.

एका दुपारी डबा देऊन आले आणि ओट्यावर कोशिंबिरीची वाटी तशीच राहिलेली दिसली. ती घेऊन खाली गेले. पुढचं दार उघडलं नाही, म्हणून वळसा घालून मागं गेले. काकू मागच्या पायरीवर उभ्या होत्या. खाली सोसायटीतलं कुत्रं माझ्या घडीच्या चपात्या खात होतं. भाताचा कप्पा अजून काकूंच्या हातात होता.

त्यांनी मला पाहिलं. पळाल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फार मायेनं म्हणाल्या, "तुला वाईट वाटू नये म्हणून डबा चालू ठेवलाय गं. सगळ्यांनीच बंद केला तर तुला काय वाटंल?"

"दोन महिने जेवलात की, काकू."

"तवा ठाऊक न्हवतं."

बाकीच्या आठांचा मला राग आला होता. या बाईचा आला नाही, नुसती भीती वाटली. उद्या सकाळी पुन्हा याच जिन्यात हिला नमस्कार करायचा, ही तेवढ्याच मायेनं हसणार, आणि अजून किती वर्षं इथं राहायचं होतं आम्हाला! मी त्यांच्या हातातून कप्पा घेतला, तिथंच पायरीवर बसले आणि कोशिंबीर कालवून तो भात त्यांच्यासमोर खाल्ला, शेवटच्या शितापर्यंत. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. मीठ अगदी बरोबर पडलं होतं.