रंग माझा, थापी त्याची

मला माझ्या नवऱ्याचा हेवा वाटतो. बायका नवऱ्याबद्दल बरंच काय काय बोलतात, पण हे सहसा कुणी बोलत नाही, म्हणून मी आधीच सांगून मोकळी होते. त्याच्या रूपाचा किंवा कमाईचा नाही. माझे वडील त्याला शिव्या घालतात, त्याचा.

आप्पा येळ्ळूरचे गवंडी. बेळगावातल्या जुन्या घरांमधल्या लाल कोब्याच्या जमिनी त्यांच्या हातच्या. सिमेंटात लाल रंग मिसळून, थापीनं ओढून, घोटून केलेली ती जमीन, जिच्यावर उन्हाळ्यात माणूस चटई न घेता आडवा होतो. आता आप्पांचे गुडघे गेले, खाली बसता येत नाही. मुलगा नाही. म्हणून हातचं कसब दिलं ते जावयाला. जावई निपाणीकडचा, लग्नाच्या वेळी शहाबादी फरशी बसवायचा. सांधे भरण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं.

मी मात्र लहानपणापासून आप्पांबरोबर कामावर जात होते. रंग माझ्याकडे असायचा. सिमेंट आणि रंग कोरडेच मिसळायचे, जुन्या धोतराच्या फडक्यातून पुन्हा पुन्हा चाळायचे, रेघ दिसेनाशी होईपर्यंत. जुन्या जमिनीला जोड द्यायचा असेल, तर थोडा थोडा रंग कमीजास्त करून टिक्क्या थापायच्या, पूर्ण वाळवायच्या, मग खोबरेल लावून जमिनीशेजारी ठेवून बघायच्या. ओल्या रंगावर भरवसा ठेवला की फसलात, कारण वाळल्यावर तो फिका पडतो. हे मी शिकले, पण मला कुणी शिकवलं नाही. आप्पा काय करतात ते बघत गेले, एवढंच. मी थापी हातात घेतली की ते म्हणायचे, "राहू दे बाळ, कंबर दुखंल."

आणि नवरा चुकला की आख्खी गल्ली ऐकायची. "कोपर उचल रं! जमीन घोटतोयस का म्हस धुतोयस?" तो मान खाली घालायचा, पुन्हा ओढायचा. मी बाजूला फडकं धरून उभी, आणि आतून जळून खाक व्हायची. आप्पा ज्याच्यावर ओरडत होते, त्याला ते आपलं काम देत होते, हे मला कळत होतं. मला फक्त "बाळ" मिळत होतं.

मागच्या हिवाळ्यात टिळकवाडीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी बोलावलं. त्यांच्या माजघरातली जमीन आप्पांनीच केलेली. नळवाल्यानं पाईप बदलताना रेघांनी आखलेल्या त्या जमिनीतले शेजारशेजारचे दोन चौकोन फोडले आणि वर राखाडी सिमेंट थापून गेला. बाईंच्या मुलाचं म्हणणं, सगळ्यावर टाईल्स बसवा. बाई ऐकेनात.

आम्ही नळवाल्याचं सिमेंट तर काढलंच, पण दोन्ही चौकोन कडेच्या रेघेपर्यंत पूर्ण काढले. मधेच ठिगळ लावलं की ते जन्मभर ठिगळच दिसतं. रेघेला रेघ मिळवली तर डोळा फसतो. बाईंची जमीन थोडी पांढुरकीही झाली होती. कामवाली फिनेल आणि कधीमधी ॲसिड ओतत होती. "ॲसिडनं कोब्याचं तोंड खाल्लं जातं," मी त्यांना सांगितलं, "साधं पाणी, आणि मधूनमधून खोबरेलाचं बोट फिरवलेलं फडकं. बाकी काही नको." नवऱ्यानं मान डोलावली आणि बाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही सांगितलंत." मी टिक्क्या उचलून वाळत टाकायला अंगणात गेले.

एक चौकोन आधी, तो घट्ट झाला की दुसरा, असं ठरलं. पहिल्या दिवशी खालचा थर बसला, तो ओलसर असतानाच वरचा लाल थर टाकायचा होता. नवरा चाळायचं फडकं झटकत होता, आणि सिमेंटची धूळ त्याच्या डोळ्यात गेली. नळाखाली धुवून धुवून डोळा लालबुंद. बाईंनी त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "थांबू नगंस."

थांबून चाललंच नसतं. लाल थर एका दमात व्हावा लागतो. अर्ध्यावर सोडला तर जोडाची रेघ कायमची. थापी आप्पांचीच होती, मुठीला त्यांच्या अंगठ्याचा खळगा. मी बसले आणि ओढत गेले. पाणी वर आलं तेव्हा वरून सुकं सिमेंट भुरभुरावंसं वाटलं, लवकर घट्ट होतं म्हणून. पण त्यानंच पुढं केसासारख्या भेगा पडतात. हात आवरला. पाणी आपसूक विरलं, मग पोलादी थापीनं दाबून घोटलं, शेवटी चौकोनात माझ्या कपाळावरच्या टिकलीचा ठिपका दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी चौकोनाभोवती चिकणमातीचे छोटे बांध घालून, तो मुरावा म्हणून वर पाणी साठवलं होतं, तेव्हा आप्पा रिक्षानं बघायला आले. स्टुलावर बसून त्यांनी वाकून पाण्यात हात घातला, तळवा इकडून तिकडे फिरवला. मग नवऱ्याच्या पाठीवर ओली थाप मारली. "आता बसला बघ तुझा हात. माझं काम संपलं."

नवऱ्याच्या डोळ्यावर पट्टी होती. तो म्हणाला, "मामा, मी न्हाय. हिनं ओढलंय सगळं. मी दवाखान्यात हुतो."

आप्पा हसले. मनापासून. "लई मोठ्या मनाचा जावई मिळाला गं मला. बायकोलापण वाटा देतोय!"

माझ्या जमिनीची शाबासकी त्याला गेली, आणि खरं बोलल्याची शाबासकीही त्यालाच. त्या क्षणी मला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं; रागाला काहीतरी कारण लागतं. त्यानं तर माझीच बाजू घेतली होती. माझा नुसता जळफळाट झाला.

"आप्पा," मी म्हटलं, "उद्या दुसरा चौकोन मीच ओढणार. तुम्ही हितंच स्टुलावर बसायचं आणि बघायचं."

"कशाला गं बाळ, हात चरचरतील."

"बाळ म्हणू नका. बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या, नवरा भिंतीला टेकला. मी आप्पांच्या समोरच लाल थर टाकला. ते नुसते बघत होते. त्या बघण्यानं माझी घाई झाली, आणि वर आलेलं पाणी विरायच्या आत मी पोलादी थापी उचलली.

"अगं ए! दिसत न्हाय व्हय तुला?" आप्पा स्टुलावरून अर्धे उठले. "पाणी वर हाय अजून! जमीन काय पळून चाललीय? परवा काय डोळं मिटून ओढलीस? कडंकडनं ये, मधे नको नाचूस! मनगट ढिलं सोड, मनगट! कुणी शिकवलं गं तुला असलं?"

कुणी शिकवलं नव्हतं. मान खाली घातली, मनगट ढिलं सोडलं, कडेकडेनं आले. आप्पांचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जात असणार. त्यांनी मला त्या सकाळी दगड म्हटलं, आंधळी म्हटलं, एकदा चुकून नवऱ्याच्या नावानंही हाक मारली.

मधेच मी घाम पुसायला तोंड वर केलं. नवरा भिंतीशी उभा होता, माझं फडकं हातात धरून, आणि त्याचं तोंड साफ उतरलेलं होतं. ते बघून मला किती बरं वाटलं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.