पाचपैकी दोन बैठका

"लिहा, राव, लिहा! वडील रोज सकाळी आठला प्लांटमध्ये हजर असतात, ठळक अक्षरात लिहा!" आमचे एमडी ओरडत होते. आवाज असा, की चाकणच्या आमच्या ऑफिसातून तो नाशिक रस्त्यावर गेला आणि तिथल्या ट्रेलरवाल्यांनी ब्रेक मारले. निदान मी तरी आजवर सगळ्यांना असंच सांगत आलोय.

मी त्या कंपनीचा सेक्रेटरी. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट दाबून काढणारी, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. ती उभी केली एमडींच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या साहेबांनी. कारभार मुलाकडे देऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. आता ते नुसते बिनकार्यकारी संचालक. पण सप्टेंबरात त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होणार होती, आणि कायदा असा की त्यापुढे अशा संचालकाला ठेवायचं तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. विशेष म्हणजे विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट मतं बाजूने हवीत. घरच्यांकडे शेअर अर्ध्याहून थोडे जास्त. साध्या ठरावाला तेवढे पुरतात, या ठरावाला नाही. उरलेला मोठा वाटा म्युच्युअल फंडांकडे आणि परदेशी गुंतवणूकदारांकडे होता.

त्या सकाळी एका मतसल्लागार संस्थेचा अहवाल आला होता. ही मंडळी स्वतः मत देत नाहीत. शेकडो कंपन्यांचे ठराव वाचून फंडांना 'बाजूने द्या' किंवा 'विरोधात द्या' एवढंच सांगतात. आमच्याबद्दल सांगितलं होतं, विरोधात द्या. कारण वर्षभरात बोर्डाच्या पाचपैकी दोनच बैठकांना थोरले साहेब आले होते.

"बैठकीला नसतात, कारण प्लांटमध्ये असतात," एमडी म्हणाले. "याहून मोठी हजेरी कोणती?"

"साहेब, हे लिहू नका. बिनकार्यकारी माणूस रोज प्लांटमध्ये काय करतो, असं विचारतील."

"तुम्हाला काय वाटतं ते नका सांगू. लिहा."

लिहिलं. नियमाप्रमाणे सल्लागारांनी आमचं उत्तर सगळ्या ग्राहकांना पुरवणी म्हणून पाठवलं, आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली: बिनकार्यकारी संचालक रोजच्या कामात उतरत असतील, तर कारखाना नेमका कोण चालवतं हा प्रश्न आहे. सल्ला तोच राहिला. परदेशी फंडांपैकी बरेचसे असा सल्ला जसाच्या तसा उचलतात, तेव्हा तिकडची आशा मी त्याच दिवशी सोडली.

राहिला आमच्या भागधारकांतला सगळ्यात मोठा देशी फंड. त्यांचं धोरण स्वतःचं, सल्ला फक्त वाचायला. मत द्यायचं की नाही, हा प्रश्नच त्यांच्यापुढे नसतो. लोकांचे पैसे सांभाळतात म्हणून प्रत्येक ठरावावर मत द्यावं लागतं, आणि का दिलं ते जाहीर करावं लागतं. गप्प बसायची सोय नाही. हे काम बघणाऱ्या बाई मुंबईहून स्वतः आल्या. एमडींनी ठरवलं, थोरल्या साहेबांसोबत त्यांना प्लांट फिरवायचा. बघितलं की विरघळतील.

थोरल्या साहेबांबद्दल मी एक गोष्ट चाकण ते निगडी सगळीकडे पसरवली आहे: प्रेसच्या आवाजावरून ते ऑपरेटरने सकाळी काय खाल्लं ते ओळखतात. खरं सांगायचं तर ते फक्त प्रेसमधला साचा, म्हणजे डाय, सैल झाल्याचं ओळखत. पण त्यासाठी त्यांना रोजची फेरी लागायची. रविवारी घरी बसले की सोमवारी माणूस आजारी दिसायचा. त्यांना संचालकपदाचं काही नव्हतं. हवी होती ती फेरी.

फेरीत तिसऱ्या प्रेसपाशी ते थबकले. पार्ट उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि हात वर केला. प्रेस थांबली. प्लांट हेड धावत आले, मान हलवून परत गेले. ऑपरेटरने डाय उघडली. सगळं इतकं झोकात झालं, की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. एमडी बाईंकडे बघून हसत होते. बाई प्लांट हेडच्या पाठीकडे बघत होत्या.

"प्रेस कोणी थांबवली, सर?" त्यांनी विचारलं.

"मी," थोरले साहेब म्हणाले. "कडेला धार राहत होती. असे हजार पार्ट गेले असते, की गिऱ्हाइकाने परत पाठवले असते."

"आणि बोर्डाच्या बैठकीला तुम्ही येत नाही?"

"तिथे पडद्यावर प्लांट दाखवतात, बाई. मी इथे चालत बघतो."

मला हसू आलं, ते मी खोकल्यात बदललं. बाई हसल्या नाहीत, पण वहीतही काही लिहिलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

वर ऑफिसात चहा झाला. बाई एमडींना म्हणाल्या, "तुमचे वडील फार हुशार आहेत, त्यात वादच नाही. पण संचालकाने बैठकीत बसून तुम्हाला प्रश्न विचारायचे असतात. ते खाली जाऊन तुमचं काम करतायत."

"अहो, वडील आहेत ते माझे."

"हो, नातं सभेच्या नोटिशीत दिलंय तुम्ही."

"मग काय लिहिणार तुम्ही?"

"जे बघितलं ते. माझ्याच फंडात एक रिटायर्ड मास्तर पैसे घालतात, ते उद्या विचारतील की बैठकीला न येणाऱ्याला मत का दिलं, तर मी काय सांगू? प्रेस छान थांबवतात?"

एमडींनी बिस्किटांची बशी बाईंपुढे सरकवली. मला उत्तर सुचलं होतं, पण माझा पगार एमडींच्या हातात.

भागधारकांची सभा ऑनलाइन झाली. मोठ्या फंडांची मतं आदल्या संध्याकाळी पाचच्या आतच पडून गेली होती, आणि एकदा दिलेलं मत बदलता येत नाही. तरी भाषणं रंगली. निगडीचे एक निवृत्त फोरमन पडद्यावर आले आणि म्हणाले, "थोरलं साहेब न्हाई तर कंपनी न्हाई. आमी सगळी त्यांच्या पाठीशी हाय." मोजके शेअर, पण आवाज निम्म्या भागभांडवलाचा. बाकीच्या छोट्या भागधारकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मला खात्री आहे की त्यातल्या निम्म्यांनी मत द्यायचं बटण दाबलंच नाही, कारण टाळ्या वाजवल्या म्हणजे झालं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोजणी करणाऱ्याचा अहवाल आला. बाजूची मतं विरोधातल्यांच्या दुप्पट होती. तिप्पट नव्हती. ठराव नामंजूर. मी तो शेअर बाजाराला कळवला. फंडानेही पुढे आपलं कारण जाहीर केलं: बैठकांना अपुरी हजेरी, आणि बिनकार्यकारी पदावर असताना रोजच्या कामात हस्तक्षेप.

वडिलांना सांगायचं काम एमडींनी माझ्यावर सोडलं आणि स्वतः रहाटणीला कुणाच्या तरी लग्नाला गेले. भर ऑगस्टात लग्न कसलं, ते मी विचारलं नाही.

थोरले साहेब गेटजवळच्या बाकावर चपला काढून बसले होते. फेरी नुकतीच संपली होती. मी सगळं सांगितलं, तिप्पट आणि दुप्पट वगैरे.

"बैठकांना आलो असतो तर?"

"तर फंडाने कदाचित बाजूने दिलं असतं."

त्यांनी चपलांवरचा पत्र्याचा कीस झटकला.

"वाढदिवसानंतर मी संचालक नाही. म्हणजे फेरी?"

"बाहेरच्या माणसासारखी, साहेब. गेटवर पास करून, पाहुण्यांचे सेफ्टी बूट घालून. सोबत प्लांटचा माणूस."

"प्रेस थांबवता येणार नाही."

"नाही."

"बरं," ते म्हणाले. "गेटवर पाहुण्यांच्या बुटांत माझा आठ नंबर ठेवायला सांगा."