वर श्री नसलेली कविता

कविता करणाऱ्या पोरीचा काही भरवसा नसतो, असं आमच्या किन्हीराजात बायका म्हणायच्या. खोटं नव्हतं त्यांचं.

आई टीबीनं खंगली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. वडील नव्हतेच. आणि आईचा जीव अडकला होता धनजच्या मावशीत. ही मावशी म्हणजे आजीच्या मामेबहिणीची लेक, नातं तसं दूरचं, पण दोघी एका ताटात जेवून वाढलेल्या. छप्पन्न साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा आईनं देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. मावशीच्या घरानं घेतली नाही. तिनं देव ठेवले आणि बोलणं सोडलं. त्याला वीस वर्षं होत आली होती.

आई दाराकडे बघत पडून राहायची. मी म्हणायची, "बोलावतो ना तिले." ती भडकायची, "हात नको जोडू तिच्याम्होरं! मले भीक नाही लागत कोणाची." मग पुन्हा दाराकडेच डोळे. काय करावं माणसानं?

मी तेव्हा कारंज्याच्या कॉलेजात शिकत होती, कविता करत होती. डोक्यात आलं, पत्र म्हटलं की ती विनवणी होते, पण कवितेला कोण विनवणी म्हणेल? शिवाय मावशीला वाचता येत नव्हतं. पत्र दारात पोस्टमनच वाचून दाखवणार, दोन-चार शेजारणी कान देऊन उभ्या. त्यांच्यासमोर 'माय आठवण काढून रडते' कसं लिहायचं? म्हणून मी पत्राच्याच चौकटीत कविता बसवली. मायना लांबचा, चारचौघांसाठी. मग खुशालीची जागा. मग मजकूर, तिथं 'तुम्ही'चं हळूहळू 'तू' करायचं. आणि सगळ्यात जवळचं ताज्या कलमात, सहीच्या खाली, कारण मनातली गोष्ट माणूस तिथंच लिहितो. निळं अंतर्देशीय घेतलं आणि लिहिलं:

तीर्थस्वरूप मावशीस, दुरून नमस्कार.
इकडची खुशाली विचारू नका, ती संपली.
तुमची बहीण आता कोणाशी बोलत नाही...

खाली, ताज्या कलमात होतं:

ती अजून आहे. दाराकडे बघते.
तू ये. देव घेऊन ये हवं तर.

मला वाटलं, काय लिहिलं बाप्पा आपण! वाचून ती रडेल आणि येईल.

ती आली. तिसऱ्याच दिवशी, एस.टी.तून उतरली आणि रस्त्यापासूनच हेल काढत आली. "मायी बाई वं! मले न भेटता गेली वं तू! देवापायी मी तुयाशी बोलली नाही, आग लागो माया तोंडाले! एका ताटातलं खाल्लं आपण, अन् तुले पाणी पाजाले मी नव्हती वं!"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. दीक्षेनंतर आमच्या घरात कागदावर श्री लिहायचंच बंद झालं होतं, आणि तिच्याकडे वर श्री नसलेलं पत्र म्हणजे मौतीचं. त्यात पुन्हा 'खुशाली संपली'! पोस्टमननं वाचणं तिथंच थांबवलं होतं, हे मग मावशीच्याच तोंडून कळलं. असलं पत्र घरात नेत नाहीत. दारातच फाडून टाकलं आणि मावशीनं अंघोळ केली. ताजा कलम कोणी वाचलाच नाही.

आतून आईचा आवाज आला. "अवो, मी आहो. आहो मी अजून."

मावशीचं रडणं तिथंच थांबलं. उंबऱ्यात उभी राहून तिनं आईला पाहिलं, मग मला. "मेल्याची चिठ्ठी धाडून बोलावता का मले?" मी पाया पडली, श्रीचं सांगितलं, सगळी कविता तोंडपाठ म्हणून दाखवली. शेवटी ती म्हणाली, "जे खाली लिवलं ते वरतं काहून नाही लिवलं?"

ती बाजेपासून लांब बसली. पदर सारखा केला आणि परक्या सोयरीला विचारावं तसं विचारलं, "कशा आहा तुमी?" आई तिच्याकडे टक लावून होती. मग मला हळूच म्हणाली, "तिले सांग, मी मेलीच हो. बस म्हणा. रड म्हणा अजून थोडं."

मावशीनं ते ऐकलं. तिचा हात हलला, मला दिसला. पण शेजारणी दारात जमल्या होत्या. तिनं पाणीही घेतलं नाही, संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली.

पुढच्या आठवड्यात आई गेली. मी साधं कार्ड लिहिलं, वरच, पहिल्याच ओळीत: आई गेली. या. दोन दिवस मी फाट्यावर प्रत्येक गाडीला उभी राहिली. कोणी उतरलं नाही. नंतर धनजचा एक माणूस बाजारात भेटला, त्यानं सांगितलं, कार्ड पोचलं होतं. पोस्टमननं वाचलं तेव्हा मावशी डाळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तिच्या मौतीले मी जाऊन आली."