चाळीस अंशांची वाढ

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला सगळे ‘लॅबकाकू’ म्हणत. तिचं काम उपकरणं काढून देणं, मोजून परत घेणं आणि मुलांनी वाकड्या केलेल्या वायरच्या पिना सरळ करणं. बापाच्या आजारपणात कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं, ते सुटलंच. पण बत्तीस वर्षं एकच प्रयोग डोळ्यांसमोर होत असला, की दगडालाही तो पाठ होतो, आणि काकू काही दगड नव्हती. वह्या तपासणं मात्र तिचं काम नव्हे. हे तिला प्रयोग शिकवणाऱ्या सरांनी एकदा स्पष्ट सांगितलं होतं, आणि तिनं ते मनाला लावून घेतलं होतं.

त्या दिवशी वह्या जमा करायची शेवटची मुदत पाच वाजेपर्यंत होती. चार वाजता एक चष्मेवाली मुलगी टेबलाशी बसून खोडरबराचा भुगा पाडत होती.

“काय गं, टेबलाची साल काढतेस का?”

“काकू, सरांनी वही परत दिली. बाकी एकतीस जणांच्या वह्यांवर सही झाली. पाचच्या आत सही नाही मिळाली, तर मला परीक्षेला बसता येणार नाही.”

प्रयोग साधा: पाणी विजेवर तापवायचं आणि त्याला मिळालेली उष्णता गणितानं काढायची. तापमानाचा मीटर केल्विनमध्ये आकडे दाखवतो. मुलीनं लिहिलं होतं, सुरुवातीला ३००.१५, शेवटी ३४०.१५, वाढ ४०. शेजारी सेल्सिअसचा रकाना: २७, ६७ आणि वाढ ४०. या दुसऱ्या चाळिसाभोवती लाल गोल, बाजूला शेरा: “नमुन्याप्रमाणे नाही. २७३.१५ वजा करा.”

नमुना म्हणजे सरांनी यंदा कॉम्प्युटरवर केलेला तक्ता. त्यात सेल्सिअसच्या रकान्यात, वाढीच्या घरात उणे २३३.१५ होतं. केल्विनमधून २७३.१५ वजा करून सेल्सिअस काढायचं सूत्र वरच्या घरातून खाली ओढताना तिसऱ्या घरातही ओढलं गेलं असणार, हे काकूच्या लगेच लक्षात आलं. पुढचं गणित केल्विनच्या रकान्यावरून होतं, त्यामुळे उत्तर बरोबर येई आणि हा आकडा कुणाच्या नजरेस येत नसे; बाकीच्या एकतीस जणांनी तो तसाच उतरवला होता.

“लिहिते तसंच,” मुलगी म्हणाली. “सही तर मिळेल.”

“पाणी तापवलंस, आणि वाढ म्हणून उणे लिहितेस? रबर ठेव खाली. चूक मान्य करायची तर आपली करावी माणसानं, दुसऱ्याची कशाला!”

बोलणं सोपं होतं, आता सरांकडे जायचं कुणी? साधी गोष्ट तर होती. एक जण तळघरापासून पायऱ्या मोजतो, दुसरा अंगणापासून. मोजायची सुरुवात वेगळी, म्हणून पायरीचा नंबर बदलतो. पण चाळीस पायऱ्या चढलं तर दोघांचेही पाय तितकेच दुखतात. हे सरांना कळत नसेल असं नाही. पण सगळ्यांदेखत कळून घ्यायला माणसाला जड जातं. आणि सही हवी होती ती या पोरीला. सर रागावतील या भीतीनं काकू गप्प बसली, तर नुकसान पोरीचं.

तिनं पाण्याचं भांडं, मीटर आणि मुलीची वही उचलून सरांच्या टेबलावर ठेवली.

“सर, मीटर जरा बघता का? मला शंका आहे.”

“मीटर बिघडलाय?”

“बघा की.” तिनं बटण दाबलं. ३००.१५. पुन्हा दाबलं, सेल्सिअसमध्ये २७. मग तिनं पाणी तापवायला लावलं. सर घड्याळाकडे बघत बोटं वाजवत राहिले. पाणी तापलं: ६७. बटण दाबलं: ३४०.१५.

“आता सांगा, पाणी किती अंश चढलं?”

“चाळीस,” सर म्हणाले. त्यांनी मीटरकडे पाहिलं, मग वहीकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“आजच. तुम्ही म्हणालात ना, वह्या बघायच्या नाहीत.”

सरांनी मुलीची वही ओढून लाल गोल खोडला, सही केली. मुलगी “थँक्यू सर” म्हणून दाराकडे धावलीच; मग थांबून काकूकडे पाहून हसली आणि गेली.

“त्या एकतीस वह्या राहू द्यात,” सर हळूच म्हणाले. “उत्तरं बरोबरच आहेत. परीक्षा तोंडावर आली आहे.”

काकू वायर गुंडाळत उभी राहिली. एवढ्यावर गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. “सर, ती पोरं उद्या कुठेतरी चाळीस अंशांचा फरक बघतील आणि उणे दोनशे तेहतीस लिहितील. आपल्या सहीनं.”

सरांनी वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि शेजारची खुर्ची पायानं सरकवली.

“बसा. तुम्ही पान काढून द्या, मी खोडतो.”

पहिल्या वहीचं पान अडकलं होतं. काकूनं बोटाला थुंकी लावून ते सोडवलं.