कोणती ओळ कुणाच्या पोटात

आमच्या खराडीच्या ऑफिसात मीटिंग संपली की सगळे चहाला पळायचे आणि फळ्यासमोर मी एकटी उरायचे. फळ्याचा फोटो काढायचा, एकेक ओळ टाइप करायची, मग सारख्या कल्पना एकत्र करून मुद्द्याच्या पोटात उपमुद्दे सरकवायचे. टॅब दाबला की ओळ आत, शिफ्ट-टॅब दाबला की बाहेर. कारकुनी काम वाटतं ना? वाटू दे. आमचे सर फक्त बाहेरच्या ओळी वाचायचे. म्हणजे ऑफिसने काय विचार केला हे मीच ठरवत होते, आणि मला ते पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी विषय होता आमचं दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं ॲप. फोनवरून नंबर लावून द्यायची सोय बंद करायची का? ती सोय एकच मुलगी सांभाळायची, यवतमाळहून आलेली. फोन बंद म्हणजे तिची नोकरी बंद.

आमच्याकडे प्रत्येक टीमच्या मार्करचा रंग ठरलेला. मी नेहमीसारखे रंग बघून गट पाडले आणि फाइल पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोनवाली मुलगी माझ्या टेबलाशी उभी.

"ताई, माझी ओळ कुठी गेली जी?"

"आहे की. 'सपोर्ट'च्या पोटात 'तक्रारी', त्याच्या पोटात."

"इतक्या आत वाचते कोण?"

मला असा राग आला! पण खरंच होतं ते. फाइल उघडली. तिची ओळ, 'आजोबांना ओटीपी सापडत नाही'. डेव्हलपरांच्या गटात, 'अक्षर लहान पडतं'. सेल्सवाल्यांच्या गटात, 'म्हातारे पेशंट ॲप उघडतच नाहीत'. डिझाइनच्या गटात, 'मुलगा घरी आल्यावर बुक करतात'. अरे देवा! चार रंग आणि गोष्ट एकच. टीम जपायच्या नादात मी विचाराचेच तुकडे केले होते.

चारही ओळी एकत्र आणल्या, वर लिहिलं 'ॲप न जमणारे पेशंट', आणि तो गट थेट पहिल्या पायरीवर नेला. मग तिला घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

"हे फळ्यावर नव्हतं," सर म्हणाले.

"शीर्षक माझं, खालचं सगळं फळ्यावरचं. कालचे गट मी चुकीचे पाडले होते."

असं वाक्य त्या ऑफिसात माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

"अहो, पण कालची फाइल बघून मी वर कळवूनसुद्धा टाकलं. फोन बंद म्हणून."

ती मान खाली घालून उभी राहिली. मी मात्र हलले नाही.

"मग परत कळवा. आम्ही थांबतो."

सरांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मग मोबाइल उचलून वर फोन लावला आणि चारही ओळी शब्दन्‌शब्द वाचून दाखवल्या. पलीकडचं बराच वेळ ऐकून घेतलं. "हो, मीच घाई केली," एवढं म्हणून मोबाइल ठेवला आणि तिच्याकडे वळले.

"जा. तुमचा फोन केव्हाचा वाजतोय."