शून्याच्या पलीकडची जुबेदा

सांगलीहून जुबेदाच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच ती म्हणाली. मी कितीतरी वेळ मेथीची तीच काडी हातात धरून बसले... परवा तिच्या चाळिसाव्या दिवसाची फातिहा झाली. रडून झालंय. आता मात्र तिची आठवण आली की मला रडू येत नाही, हसू येतं, आणि छाती धडधडायला लागते. बाईनं आयुष्यभर हेच केलं माझं.

चाळिसाच्या दशकातली गोष्ट, लढाई चालू होती तेव्हाची. कराडात आमच्या घराला लागून तिच्या वडिलांचं, दस्तगीरचाचांचं किराणा दुकान होतं. घरात ते लोक दखनी बोलायचे आणि गल्ल्यावर बसले की मराठी. जुबेदा आणि मी एका वर्गात. शाळा सुटली की ती दुकानाची खतावणी लिहायची, कारण चाचांच्या डोळ्यांना बारीक अक्षर झेपत नसे. गर्दी झाली तर मात्र चाचा स्वतःच दोन-चार ओळी खरडायचे. खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. उजवीकडं 'नावे', म्हणजे त्यानं उधार नेलं ते. डावीकडं 'जमा', म्हणजे त्यानं भरलं ते.

शाळेत आम्हाला मास्तरांनी शिकवलं होतं की पाचातून सात जात नाहीत, शेजारून दहा उसने घ्यावे लागतात. जुबेदानं हात वर केला. "गुरुजी, शेजारी कुणीच नसलं तर?" मास्तर म्हणाले, "मग नाहीच जात. बस खाली." ती बसली, पण तोंड असं केलं की मला पोट धरून हसावं लागलं आणि अंगठे धरायची पाळी आली माझ्यावर. तिच्या वांड प्रश्नांची शिक्षा नेहमी मलाच!

त्या वर्षी दोघींच्या पुढच्या शाळेचा प्रश्न होता. इंग्रजी शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या आबांनी निकाल देऊन टाकला होता. "दस्तगीरची पोर जाणार आसंल तर हिनं जावं. एकटी न्हाई धाडणार." म्हणजे माझं सगळं घोडं जुबेदावर अडलं होतं. आणि दिवाळीच्या तोंडावर नेमकी माशी शिंकली.

पाडव्याला नव्या वह्या घालायच्या, त्याआधी जुन्या जुळवायच्या. व्यापारातली प्रत्येक रक्कम एका ठिकाणी नावे आणि दुसऱ्या ठिकाणी जमा पडते, म्हणून साऱ्या वह्यांची नाव्याची बेरीज आणि जमेची बेरीज सारखीच यायला हवी. चाचांची येईना. नाव्याची बाजू चौदा रुपयांनी जास्त! चौदा रुपये म्हणजे तेव्हा काही कमी नव्हेत. चाचांनी चौदाची नोंद धुंडाळली. तसली एकही सापडली नाही. मग भडकले. "वही कोण लिहितं? तूच ना? उद्या दुपारपर्यंत चूक काढ. नाहीतर वही बंद आणि शाळाही बंद!"

मी तर रडायलाच लागले. माझी शाळा बुडत होती ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा मालाला बाजारात गेले आणि ही बया दुकानाच्या फरशीवर खडूनं लांब रेघ ओढायला लागली. मधे शून्य. उजवीकडं एक, दोन, तीन... आणि डावीकडंही एक, दोन, तीन. "सुमे, उभी राहा शून्यावर. उजवीकडं नावे, डावीकडं जमा. आता समज, कुणी सात रुपये भरले. कुठं जाशील?"

मी डावीकडं लंगडी घालत सातावर गेले.

"आणि लिहिणाऱ्यानं चुकून नावे लिहिले तर?"

मी परत आले, शून्य ओलांडलं, उजव्या सातावर गेले. दम लागला. ती माझ्याकडं बघतच राहिली.

"सुमे... किती घरं आलीस?"

"चौदा की गं!"

अगं बाई! दोघी अशा किंचाळलो की समोरचा शिंपी कात्री घेऊन बाहेर आला. चौदाची नोंद नव्हतीच कुठं. सात रुपये भलत्या बाजूला पडले होते. एका बाजूला सात वाढले, दुसऱ्या बाजूला सात कमी पडले, म्हणून फरक दुप्पट!

मग नाव्यातले सगळे सात धुंडाळले. प्रत्येकापुढं गूळ, डाळ, काही ना काही माल लिहिलेला. एकापुढं मात्र नुसतं 'रोख', आणि अक्षर चाचांचं. उधारीत रोख कशी येईल? पान होतं मलकापूरच्या सोनाबाईचं. आधीची बाकी नावे पाच, त्यात हे सात, आणि खाली बारा.

नशीब बघा, बाजाराचा दिवस होता, सोनाबाई दुपारी आलीच. चाचाही परतले होते. जुबेदानं विचारलं तशी ती म्हणाली, "व्हय की! लेकानं पलटणीतनं मनीऑर्डर धाडली व्हती. सात दिलं मी. म्हटलं, फुडं लागंल तवा त्यातनं माल न्हीन."

चाचांनी कपाळावर हात मारला. "पाच येणं असताना कोण सात देतं? रात्री आठवून लिहिताना मला वाटलं, रोख उसनेच नेले असतील हिनं!" उभ्या जन्मात त्यांच्या कुठल्याच गिऱ्हाइकानं देण्यापेक्षा जास्त दिलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप उजवीकडंच गेला. ते दौत उघडून बारा खोडायला निघाले.

"अब्बा, खोडायचं नाही. तुम्हीच शिकवलंय." वहीत खाडाखोड म्हणजे बदनामी. चुकीची नोंद तशीच ठेवून समोर उलटी नोंद घालायची, हा दुकानदारीचा रिवाज. "जमेत सात दोनदा लिहा. एक सात तुमची चूक मिटवायला, आणि एक सात सोनाबाईंनी दिलेले."

"चूक मिटवायला जमा कशाला?"

"तिच्यावर नसलेलं देणं तुम्ही लादलं. ते काढून घेतलं म्हणजे तिला तेवढे दिल्यासारखंच की! वजातलं वजा केलं तर भरच पडते, अब्बा."

चाचांनी चौदा जमेला धरले. बारातून चौदा. लेखणी थांबली. "जात नाहीत."

"जातात!" ती माझा दंड धरून मला रेघेवर ओढत घेऊन गेली. मी बारावर उभी राहिले आणि डावीकडं मोजत निघाले. बारा पावलांत शून्य आलं, तिथं मी थबकले, आणि ती ओरडली, "थांबू नकोस गं, चल पुढं!" आणखी दोन पावलं. मी शून्याच्या पलीकडं उभी होते. "बघा. पाच होते, त्यातून सात गेले तरी इथंच येतं. शून्याखाली दोन. सोनाबाई आपलं काही देणं लागत नाही. आपणच तिचे दोन रुपये लागतो!"

चाचांनी बेरजा पुन्हा मांडल्या. दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळल्या. मग ते उठले आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत सोनाबाईला म्हणाले, "बाई, दुकान तुमचं दोन रुपये देणं लागतं." सोनाबाई पदर तोंडाला लावून खुदखुदली. "लागू द्या की! मालक माझ्या देण्यात! घरी जाऊन सांगते सगळ्यास्नी."

दुसऱ्या दिवशी चाचा धुतलेली टोपी घालून आम्हा दोघींबरोबर इंग्रजी शाळेत आले. हेडमास्तरांनी विचारलं, "मुलीचं गणित कसं आहे?" चाचा म्हणाले, "माझ्यापेक्षा बरं. मला पाचातून सात घालवता येत नव्हते." जुबेदाचं नाव लागलं. मी धूम ठोकली ती थेट आमच्या परड्यात, आबांसमोर. ते वैरण टाकत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. आबांनी पेंढी खाली ठेवली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आयला... म्हंजी हिलाबी घालावी लागणार म्हणा!"

पुढं तिनं सांगलीत कितीतरी वर्षं गणित शिकवलं, मी साताऱ्यात मराठी. ती आता नाही, हे मला मान्यच होत नाही. खडूचे तुकडे भरलेले तिचे खिसे, ओरडून कोरडा पडलेला तिचा घसा, सगळं इथंच आहे असं वाटतं. काल नातीला वजाबाकी येईना म्हणून खडू घेतला, फरशीवर रेघ ओढली आणि गुडघे दुखत असताना त्या रेघेवर मीच उभी राहिले. नात हसायला लागली. "आजी, पडशील!" मी म्हटलं, "मोज तू," आणि पहिलं पाऊल टाकलं.